हप्ते अठ्ठेचाळीस, बॅटरीची वॉरंटी छत्तीस महिने: माझ्या स्कूटरच्या कर्जाचा हिशेब

२०२५ मध्ये माझी इलेक्ट्रिक स्कूटर विकायला काढली, तेव्हा कळलं की गाडीवरचं कर्ज तिच्या बाजारभावापेक्षा जास्त आहे. त्यातून बाहेर पडायला मला अडीच महिने लागले. लगेच पाठोपाठ मावसभावाने तशीच गाडी घ्यायची ठरवली आणि त्याच्या कर्जाची मुदत आम्ही दोघांनी बसून ठरवली. या दोन्ही गोष्टी तारखांसकट लिहून ठेवते. कंपनीचं आणि फायनान्स कंपनीचं नाव लिहीत नाही. जे झालं ते कोणत्याही गाडीच्या बाबतीत होऊ शकतं.

गाडी घेतली ऑगस्ट २०२२ मध्ये. मी पुण्यात धायरीला राहते, ऑफिस तेव्हा शिवाजीनगरला होतं. जाऊन येऊन सव्वीस किलोमीटर. पेट्रोलचा खर्च महिन्याला अडीच हजारांच्या घरात जात होता, म्हणून इलेक्ट्रिक घ्यायची ठरवली. गाडी रस्त्यावर आली १,२८,००० रुपयांना. केंद्राच्या फेम-२ योजनेत तेव्हा बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे १५,००० रुपये सबसिडी होती, ती किमतीतून आधीच वजा झालेली होती. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला रोड टॅक्स नाही, तेही वाचलं. मी १८,००० भरले आणि १,१०,००० चं कर्ज घेतलं.

शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावरचा मुलगा फार अदबीने बोलत होता. "ताई, किती हप्ता झेपेल?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तीन हजारांच्या आसपास. त्याने कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली आणि अठ्ठेचाळीस महिने, ३,१६३ रुपये, असा कागद पुढे केला. व्याज साडेनऊ टक्के. पेट्रोलचे वाचलेले पैसे हप्त्यात जातील, वर थोडेच घालावे लागतील, असा माझा हिशेब होता आणि मी सही केली. बॅटरीला वॉरंटी तीन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. हे मी वाचलं होतं. पण कर्ज चार वर्षांचं आणि वॉरंटी तीन वर्षांची, हे दोन आकडे मी त्या दिवशी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

साडेनऊ टक्के हा फ्लॅट दर होता. म्हणजे मी मुद्दल फेडत गेले तरी व्याज चारही वर्षं पूर्ण १,१०,००० वरच धरलेलं. घटत्या शिलकीवर तो दर किती पडतो, हे गुगल शीटमध्ये एका ओळीत काढता येतं:

```
=RATE(48,-3163,110000)*12
```

उत्तर येतं १६.८ टक्के. हे मी तीन वर्षांनी काढलं, तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किरकोळ कर्जांसाठी प्रमुख तथ्य विवरण द्यावं लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. मला तो कागद मिळाला नव्हता. आता घेणाऱ्यांनी सहीच्या आधी तो मागून घ्यावा आणि त्यातलाच दर खरा धरावा.

पहिली दोन वर्षं गाडीने काहीही त्रास दिला नाही. पूर्ण चार्जवर ब्याऐंशी-त्र्याऐंशी किलोमीटर जायची. तिसऱ्या वर्षी ते अडुसष्ट-सत्तरवर आलं. सव्वीस किलोमीटरच्या रोजच्या फेरीला याने काही फरक पडत नव्हता, म्हणून मी लक्षही दिलं नाही.

मार्च २०२५ मध्ये माझी बदली रांजणगावला झाली. नवले पुलापासून कंपनीची बस मिळू लागली आणि गाडी पार्किंगमध्ये उभी राहायला लागली. एप्रिलभर ती पूर्ण चार्ज करून कव्हर घालून ठेवली होती. ही चूक होती. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात नुसती उभी राहिली तरी जुनी होत जाते. गाडी महिनाभर वापरायची नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून सावलीत ठेवायची, हे मला सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकने नंतर सांगितलं.

मेच्या शेवटी विकायचं ठरवलं. ऑनलाइन जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीच्या ॲपवर माहिती भरली, भाव दिसला ३८,०००. घरी माणूस आला, त्याने गाडी पाहिली, किलोमीटर पाहिले (२३,१००), वॉरंटीची तारीख विचारली आणि भाव ३१,००० वर आणला. सिंहगड रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेले, तर तो सरळ म्हणाला, "मॅडम, बॅटरीच्या वॉरंटीला दोन-अडीच महिने राहिलेत. ऑगस्टनंतर ही गाडी माझ्याकडे पडून राहिली तर बॅटरीचा धोका माझ्या अंगावर. सत्तावीस देतो." मला त्याचा राग आला होता. पण घरी येऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून नवीन बॅटरी पॅकची किंमत विचारली. ६२,००० रुपये आणि वर बसवण्याचा खर्च. मग त्याचं म्हणणं पटलं.

पेट्रोल स्कूटर जुनी झाली तर पिस्टन, क्लच, कार्ब्युरेटर असे खर्च एकेक करून येतात आणि कुठलाही गॅरेजवाला ते करून देतो. इलेक्ट्रिकमध्ये गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा एका पेटीत बंद असतो. ती पेटी गेली तर जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च एकदम येतो. घेणारा माणूस बॅटरी आतून पाहू शकत नाही, त्यामुळे तो वॉरंटीचा कागद पाहतो. कागदाची मुदत संपली की बॅटरी कितीही चांगली असो, भाव एका पायरीने खाली येतो.

दुसरं कारण असं की जुन्या गाडीचा भाव मी तेव्हा किती दिले यावर ठरत नाही, आज नवी केवढ्याला मिळते यावर ठरतो. जून २०२३ मध्ये सबसिडी दर किलोवॅट-तासाला १५,००० वरून १०,००० वर आली, तिची कमाल मर्यादाही किमतीच्या चाळीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर आली. नव्या गाड्या महागल्या, तेव्हा जुन्यांना मागणी होती. पुढच्या दीड-दोन वर्षांत कंपन्यांनी लाखाच्या आतली मॉडेलं काढली आणि माझ्या गाडीचा भाव त्यांच्यामागे खाली गेला. यात माझ्या हातात काही नव्हतं. हातात होती ती फक्त कर्जाची मुदत.

कर्ज किती बाकी आहे हे मला नीटसं माहीत नव्हतं. चौतीस हप्ते भरले, चौदा राहिले, म्हणजे थोडंच राहिलं असेल असा अंदाज. शीटमध्ये घातलं:

```
=PV(0.168/12,14,-3163)
```

३९,९६० रुपये. मागे जाऊन पाहिलं तर पहिल्या चोवीस हप्त्यांत मी जवळजवळ ७६,००० भरले होते आणि त्यातून मुद्दल फिटलं होतं ४६,००० च्या आत. उरलेले तीस हजार व्याजात गेले. लांब मुदतीच्या कर्जात सुरुवातीला मुद्दल हळू उतरतं, आणि गाडीची किंमत नेमकी सुरुवातीला भराभर उतरते. त्यामुळे मधली दीड-दोन वर्षं अशी येतात की गाडी विकून कर्ज फिटत नाही. माझी गाडी त्या पट्ट्यातच होती. ४०,००० कर्ज, आणि हातात येणारे सत्तावीस ते एकतीस हजार.

९ जूनला फायनान्स कंपनीला कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं पत्र मागितलं, ज्याला ते फोरक्लोजर लेटर म्हणतात. फोनवर विचारलं तर तोंडी आकडा सांगतात, तो धरू नका. ईमेलवरच मागा. पाच दिवसांनी, १४ जूनला पत्र आलं. २० जूनपर्यंत भरल्यास मुद्दल ३९,९६०, पंधरा दिवसांचं व्याज २७६, मुदतीआधी फेडण्याचा आकार मुद्दलाच्या चार टक्के म्हणजे १,५९८ आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी २८८. एकूण ४२,१२२. हा चार टक्क्यांचा आकार करारात पहिल्यापासून होता. दुचाकीची कर्जं सहसा ठरावीक दराची असतात आणि अशा कर्जांवर असा आकार लावलेला आढळतो, म्हणून सहीच्या वेळीच तो किती आहे ते पाहायला हवं.

त्याच आठवड्यात मी बॅटरी खरोखर किती शिल्लक आहे ते मोजलं. कल्पना माझ्या दिराची. तो इलेक्ट्रिशियन आहे. त्याने सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये लावायचा वीज मोजणारा प्लग आणला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो लावायचा आणि त्यात चार्जर. गाडी मी आठ टक्क्यांपर्यंत चालवून आणली, तासभर थंड होऊ दिली आणि रात्री दहाला चार्जिंगला लावली. सकाळी प्लगच्या छोट्या पडद्यावर आकडा होता २.५५ युनिट.

त्यावरून हिशेब असा. चार्जरमध्ये आणि बॅटरीत शिरताना थोडी वीज उष्णतेत जाते, ती आम्ही बारा टक्के धरली. म्हणजे बॅटरीत गेले साधारण २.२४ युनिट. हे आठ ते शंभर, म्हणजे ब्याण्णव टक्क्यांसाठी. पूर्ण बॅटरीसाठी २.४४. नवी असताना क्षमता २.९ होती. म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के शिल्लक. दोन दिवसांनी पुन्हा केलं, जवळपास तोच आकडा. मग सर्व्हिस सेंटरमध्ये ५०० रुपये भरून त्यांच्या मशिनवर रिपोर्ट काढला. त्यात बॅटरीचं आरोग्य त्र्याऐंशी टक्के. घरचं मोजमाप इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

मेकॅनिकने आणखी एक गोष्ट दाखवली, जी जुनी गाडी घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी. क्षमता हळूहळू कमी होणं हे म्हातारपण आहे. पण चालवताना चार्ज तीस टक्क्यांवरून एकदम अठरावर पडत असेल, किंवा पंधरा टक्के दिसत असताना गाडी बंद पडत असेल, तर पॅकमधला एखादा सेल बाकीच्यांच्या मागे पडलेला असतो. तो आजार आहे. माझ्या गाडीत तसं नव्हतं.

वॉरंटीचा कागदही या वेळी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. वॉरंटीत बॅटरी बदलून मिळते ती क्षमता सत्तर टक्क्यांखाली गेली तर, किंवा बिघाड झाला तर. त्र्याऐंशीवर दावा करता येत नाही. तीन वर्षांत मी जेवढी चालवली ते जेमतेम तीनशे पूर्ण चार्ज होतात. माझ्या गाडीत जे निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचे सेल आहेत, ते साधारणपणे आठशे-हजार चार्जपर्यंत ऐंशी टक्क्यांच्या आसपास टिकतील असे बनवलेले असतात. माझी बॅटरी तेवढे चार्ज होण्याच्या आधीच त्या रेषेजवळ आली, कारण नुसता काळ आणि पुण्याचा एप्रिल-मे हेही तिला झिजवतात. तरीही रोज पंचवीस-तीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला ती आणखी तीन-चार वर्षं सहज पुरणार होती. कागद मात्र १२ ऑगस्टला संपणार होता.

त्याच कागदाच्या शेवटच्या पानावर वाढीव वॉरंटीची ओळ सापडली. मूळ मुदत संपण्याआधी गाडी तपासून घेतली आणि बॅटरी ठीक निघाली, तर ६,५०० रुपये आणि जीएसटी भरून वॉरंटी एकूण पाच वर्षं किंवा ६०,००० किलोमीटर होते, आणि गाडी विकल्यावर ती पुढच्या मालकाच्या नावावर होते. मुदत संपल्यावर एक दिवसही उशीर चालत नाही. शोरूमने हे मला कधी सांगितलं नव्हतं, सर्व्हिसच्या वेळीही नाही. सगळ्या कंपन्यांत ही सोय एकसारखी नसते, काहींत ती गाडी घेतानाच घ्यावी लागते. म्हणून हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा आणि नव्या मालकाला मिळते का हेही विचारायचं.

२० जूनला पतसंस्थेतली एक ठेव मोडून ४२,१२२ रुपये भरले. कर्ज आधी बंद करण्यावाचून इलाज नव्हता. आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा असेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि "आधी पैसे द्या, मग मी कर्ज फेडते, मग गाडी नावावर करते" असं म्हटलं की सरळ माणूसही बिचकतो. तीन जणांनी एवढ्याच कारणाने पाऊल मागे घेतलं होतं. २७ जूनला ७,६७० रुपये भरून वाढीव वॉरंटी घेतली.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात चिडचिडीचे गेले. फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र ८ जुलैला पोस्टाने आलं, बोजा काढण्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रतींसह. मी बारकाईने पाहिलं नसतं तर पुढे अडकले असते. चॅसिस नंबरच्या शेवटच्या पाच आकड्यांत दोन आकडे उलटसुलट झाले होते. आरसीशी एक अक्षरही जुळलं नाही तर अर्ज परत येतो. पुन्हा ईमेल, पुन्हा फोन, दर वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. शेवटी ईमेलमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा उल्लेख केला. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत कागद परत देऊन बोजा काढायचा असतो, आणि त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. दुरुस्त पत्र १८ जुलैला हातात पडलं, अठ्ठाविसाव्या दिवशी.

parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून Hypothecation Termination हा अर्ज भरला, फॉर्म ३५, ना हरकत पत्र, आरसी आणि विम्याची प्रत जोडली. मोबाइल नंबर आरसीला जोडलेला असला पाहिजे, नाहीतर ओटीपी येत नाही आणि तिथेच काम थांबतं. माझा जुना नंबर होता, तो बदलण्यात दोन दिवस गेले. मूळ कागद दाखवायला संगम पुलाजवळच्या आरटीओत एक फेरी झाली, सकाळी साडेदहाला गेले आणि बारापर्यंत मोकळी झाले. बोजा उतरलेली नोंद २ ऑगस्टला दिसली. त्या दिवशी खूप हलकं वाटलं.

गिऱ्हाईक दरम्यान मिळालं होतं. नऱ्ह्याला राहणारे एक शिक्षक, शाळा वडगावला, रोजचं अंतर पंधरा किलोमीटरसुद्धा नाही. मी जाहिरातीतच बॅटरीचा रिपोर्ट, घरच्या मोजमापाचा फोटो आणि वॉरंटी ऑगस्ट २०२७ पर्यंत असल्याचा कागद टाकला होता. ते आले, गाडी घेऊन नवले पुलापर्यंत गेले, परत आले आणि सुरुवातीचा व शेवटचा टक्का वहीत लिहून घेतला. नंतर म्हणाले, "ताई, मी याआधी पाच गाड्या पाहिल्या. बॅटरी चांगली आहे असं सगळेच म्हणतात, कागद कोणी दाखवत नाही." ठरलं ४९,००० ला. पाच हजार इसार दिला, बाकीचे बोजा उतरल्यावर.

फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० भरून गाडी त्यांच्या नावावर करण्याचा अर्ज ५ ऑगस्टला केला, २० ऑगस्टला झाली. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागत नाही, तेवढा एक कागद कमी. विमा त्यांच्या नावावर करण्यासाठी हस्तांतरानंतर चौदा दिवसांत कळवायचं असतं, ते मी त्यांच्या शेजारी बसूनच करून घेतलं. वॉरंटी हस्तांतराचा फॉर्म सर्व्हिस सेंटरमध्ये भरला.

हिशेब मांडला तर आले ४९,०००. गेले ४२,१२२ कर्जात, ७,६७० वॉरंटीत, ५०० रिपोर्टला. म्हणजे साधारण तेराशे रुपये खिशातून गेले. विक्रेत्याला सत्तावीस हजारांत दिली असती तर पंधरा हजार गेले असते. आणि हेच कर्ज त्याच दराने छत्तीस महिन्यांचं असतं, तर हप्ता साडेसातशेच्या आसपास जास्त बसला असता, पण जूनमध्ये फक्त दोन हप्ते उरले असते आणि गाडीचे जवळजवळ सगळे पैसे माझे असते.

हे सगळं मावसभाऊ पाहत होता. तो पुनावळ्याला राहतो, हिंजवडीत नोकरी. दिवाळीच्या आधी त्याला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची होती. रस्त्यावर १,१२,०००, कर्ज ९०,०००. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेची सबसिडी २०२५-२६ मध्ये दर किलोवॅट-तासाला २,५०० आणि जास्तीत जास्त ५,००० एवढीच उरली होती, त्यामुळे किमतीत तिचा फारसा आधार नव्हता. शोरूमच्या फायनान्सऐवजी तो आपल्या पगाराच्या बँकेत गेला. तिथे घटत्या शिलकीवर तेरा टक्के दर मिळाला आणि मुदतीआधी फेडण्याचा आकार एक वर्षानंतर शून्य.

एका रविवारी आम्ही शीट उघडून बसलो. एका रकान्यात प्रत्येक वर्षअखेरची कर्जाची बाकी. दुसऱ्यात त्या वेळी विक्रेता जो भाव देईल तो. थेट गिऱ्हाइकाचा भाव मुद्दाम धरला नाही, कारण गाडी घाईत विकावी लागते तेव्हाच कर्ज नडतं. तेच मॉडेल एक आणि दोन वर्षं वापरलेलं केवढ्याला घेतात, हे दोन विक्रेत्यांना आणि एका ॲपवर विचारून घेतलं होतं. वर्षाने ६५,०००, दोन वर्षांनी ५०,०००. त्यातून आम्ही आणखी पाच-पाच हजार कमी केले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा पाचच राहिला, म्हणजे पेट्रोल स्कूटर स्वस्त झाल्या आणि त्याचा दाब जुन्या इलेक्ट्रिकच्या भावावर येणारच.

अठ्ठेचाळीस महिन्यांचा हप्ता २,४१५. वर्षाने बाकी ७१,६६० आणि भाव ६०,०००. दोन वर्षांनी बाकी ५०,८०० आणि भाव ४५,०००. दोन्ही ठिकाणी कर्ज वर. छत्तीस महिन्यांना हप्ता ३,०३२, वर्षाने बाकी ६३,८००, म्हणजे थोडंसं वर, पण दुसऱ्या वर्षी बाकी चौतीस हजारांवर येऊन गाडी मोकळी. चोवीस महिन्यांना हप्ता ४,२७९, तो त्याला जड जात होता. घरभाडं आणि मावशीच्या औषधांचा खर्च धरला तर साडेतीन हजारांच्या फार वर तो जाऊ शकत नव्हता.

मग मी म्हटलं, तीस महिन्यांचं विचार. बँकेच्या पत्रकात बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस एवढेच आकडे छापलेले असतात, पण अधिकाऱ्याने संगणकात तीस टाकून पाहिलं आणि झालं. हप्ता ३,५३०. वर्षाने बाकी ५७,४५०, भाव ६०,०००. दोन वर्षांनी बाकी २०,४००. म्हणजे पहिल्या वर्षानंतर कुठल्याही महिन्यात गाडी विक्रेत्याला दिली तरी कर्ज फिटून वर काही उरतं. पूर्ण व्याज १५,९००, तेच अठ्ठेचाळीसला जवळजवळ २६,००० होत होतं. पहिल्या वर्षाच्या आत विकावी लागली तर मात्र तोटा होईल आणि आकारही बसेल, ते त्याला सांगितलं आणि त्याने ते मान्य केलं.

त्याच्या बॅटरीला मूळ वॉरंटी पाच वर्षांची आहे. तीस महिन्यांनी कर्ज संपेल तेव्हा वॉरंटीचे आणखी तीस महिने उरतील, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला कागद जिवंत असेल. वॉरंटी कर्जानंतर किमान वर्षभर पुढे गेली पाहिजे, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. माझी कर्जाच्या एक वर्ष आधी संपत होती.

गाडी धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला घरी आली. पहिल्या आठवड्यातच आम्ही दिराचा तो प्लग मागून आणला आणि नव्या बॅटरीचं मोजमाप करून ठेवलं, दहा ते शंभर टक्क्यांचं. माझ्याकडे नवी असतानाचा आकडा नव्हता, सगळा हिशेब पत्रकावरच्या २.९ वर करावा लागला होता. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आता तारीख, किलोमीटर आणि युनिट लिहिलेले आहेत. दर सहा महिन्यांनी तो प्लग घेऊन जाणार आहे.

माझं कर्ज बंद झाल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टवर सप्टेंबरपर्यंत आली नव्हती, खातं चालूच दिसत होतं. तक्रार टाकली, ना हरकत पत्र जोडलं, ऑक्टोबरच्या शेवटी दुरुस्त झालं. ते पत्र आणि २० जूनची पावती अजून फाइलमध्ये आहे.